पाचव्या भागाचं दार

लोकांना अडकवून ठेवायचं, हे संघमित्राचं काम होतं आणि त्यात ती तरबेज होती. बेलापूरला अभयची छोटीशी कंपनी होती, मोबाइल उभा धरूनच बघायच्या मालिका बनवणारी. कुणा सोनाराला, कुणा क्लासवाल्याला, कुणा दातांच्या डॉक्टरला आपली जाहिरात गोष्टीतून करून हवी असायची. गोष्ट लिहायची संघमित्रानं, चित्रीकरण करायचं तेजसनं, आणि गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळायची अभयनं. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि हा देव रोज नवा नैवेद्य मागायचा, त्यामुळं तिघांत सगळ्यात जास्त थकायचा तो अभयच.

संघमित्राचे नियम पक्के होते. भाग दीड मिनिटाचा. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. माणसं प्रत्येक भागात तीच, त्यांच्या सवयीही त्याच, म्हणजे दुसऱ्या भागात ती दिसली की ओळखीचं वाटतं. भागाच्या शेवटी पेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पेचाचं उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच द्यायचं, आणि त्या उत्तरातूनच नवा पेच काढायचा. "पेच सोडवायचा असतो," ती नव्या पोरांना सांगायची. "नुसता पुढं ढकलत राहिलात तर लोक एकदा फसतील, दुसऱ्यांदा शिव्या घालतील."

हे ती सांगायची आणि संध्याकाळी घरी जायची, खांदेश्वरला, भाड्याच्या घरात. तिथं तिचे वडील दत्तू आपल्या फ्लॅटची वाट बघत बसलेले असायचे.

दत्तूंची हयात एपीएमसी मार्केटच्या कांदा-बटाटा विभागात गोणी वाहण्यात गेली. लातूरकडून आलेला माणूस, पाठ वाकली पण शब्द वाकला नाही, असं त्यांच्याबद्दल त्यांचे सोबती म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी द्रोणागिरीला 'सागरसाज' नावाच्या गृहप्रकल्पात फ्लॅट घेतला. बिल्डरनं ताब्याची तारीख दिली ती दिवाळीची. मग पाडव्याची दिली. मग म्हणाला पावसाळा संपू द्या, मग लिफ्टचं काम राहिलंय, मग परवानगी अडकलीय. इकडं भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. करार संपला की टेम्पो बोलवायचा, भांडी गोण्यांत भरायची आणि नव्या घरमालकाच्या अटी ऐकायच्या. मोजून सांगायला नको, पण जाईबाईंनी, म्हणजे संघमित्राच्या आईनं, आता पितळी डबे कपाटात लावायचंच सोडून दिलं होतं. खोक्यातच राहायचे ते. "काढून ठेवायचे, पुना भरायचे, कशापायी?" असं म्हणायच्या.

नातेवाईक सांगायचे, तक्रार करा, सगळे मिळून वकील लावा. दत्तू मान हलवायचे. "भांडून घर घेतलं तर त्यात झोप लागत न्हाई." खरं कारण वेगळं होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भांडलो तर आपलीच फाइल तळाला जाईल, या भीतीनं हा माणूस गप्प होता. ज्याच्या हातात आपली चावी असते त्याच्यापुढं भलेभले मवाळ होतात.

तर एके दिवशी अभय नाचतच ऑफिसात आला. मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं. बिल्डर. पाच भागांची मालिका, आणि पसंत पडली तर पुढं वर्षभराचं काम. "कोण?" संघमित्रानं विचारलं.

"सागरसाज. द्रोणागिरी."

तिनं सांगायला हवं होतं तेव्हाच. पण अभयनं आधीच मिठाई मागवली होती, तेजस नव्या लेन्सचं बोलत होता, आणि मागच्या दोन महिन्यांत कंपनीत दुसरं काम आलेलं नव्हतं. ती म्हणाली, "छान." असं एका शब्दात माणूस जाळ्यात शिरतो आणि मग बाहेर यायला त्याला अख्खी पानं अपुरी पडतात.

बिल्डरचा मार्केटिंगचा माणूस विश्वजित मीटिंगला आला. गोड बोलणारा, हसताना डोळे मिटणारा. संघमित्रानं भिंतीवर पाच कागद चिकटवले आणि गोष्ट सांगायला लागली. काम करताना ती सगळं विसरायची, तेवढं तिचं बरं होतं.

"मालिकेचं नाव 'चावी'. निशिगंधा आणि आशुतोष, नवीन लग्न झालेलं जोडपं, भाड्यानं राहतंय. आणि तिसरा एक काका. काका प्रत्येक भागात भेटतो, दर वेळी पिशवीतून काहीतरी खायला काढून देतो. ती त्याची खूण. पहिला भाग. घरमालक म्हणतो खोली सोडा. निशिगंधा हे नवऱ्यापासून लपवते. संध्याकाळी आशुतोष घरी येतो, चावी लावतो, ती लागत नाही. कुलूप बदललेलं. कट."

"मस्त," विश्वजित म्हणाला. "कोणी बदललं?"

"बघा, तुम्हीसुद्धा विचारलंत. दुसऱ्या भागात पहिल्याच वाक्याला कळतं. निशिगंधानंच बदललं, कारण मालक न विचारता घरात शिरला होता. मग घर शोधणं सुरू. टपरीवर काका भेटतो, द्रोणागिरीचं सांगतो. शेवटी निशिगंधाला दिसतं, आशुतोष एका अनोळखी बाईसोबत बसलाय आणि कसल्याशा कागदावर सही करतोय. कट. तिसरा भाग. ती बाई बिल्डरच्या ऑफिसातली, आशुतोष गुपचूप बुकिंग करतोय. भांडण, मग समेट. तेवढ्यात बँकेतून फोन येतो, 'साहेब, तुमच्या कर्जात एक अडचण आहे.' कट. चौथा. अडचण सुटते, सहकर्जदार म्हणून निशिगंधाचं नाव लागतं. दोघं आनंदात फ्लॅटच्या दारापाशी येतात, तर तिथं काका उभा. हातात चावी. म्हणतो, 'हे तर माझं घर.' कट."

तेजसनं हळूच अंगठा वर केला.

"पाचवा," संघमित्रा म्हणाली. "काकाचं घर शेजारचं असतं. तो चुकून या दाराशी आलाय, कारण सगळी दारं सारखी. हसणं होतं. मग तिघं मिळून काकाचं दार उघडतात. काका आत पहिलं पाऊल टाकतो. मालिका संपते."

"नाही, नाही," विश्वजित डोळे मिटून हसला. "पाचव्यालासुद्धा पेच पाहिजे. चावी लावली, फिरवली, आणि कट. आत काय आहे ते बघायला साइटवर या. सँपल फ्लॅट बघा. गर्दी ओढायचीय मॅडम, रडवायचं नाहीये."

"पण सर, सहावा भागच नाही. मग उत्तर कधी मिळणार?"

"तेच तर. नाही मिळालं म्हणजे येतील."

या माणसाच्या कंपनीला पेच घालायचा नाद होता, सोडवायचा नव्हता, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत असणार? राग असा उसळला की तिच्या तोंडून निघूनच गेलं, "माझ्या वडिलांचा फ्लॅट आहे तुमच्याकडे. बी विंग. आम्ही तीन दिवाळ्या उत्तराची वाट बघतोय."

अभयनं हातातला चहा खाली ठेवला. पण विश्वजित जरासुद्धा गडबडला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! मग काका मिळाला की आपल्याला."

"म्हणजे?"

"तुमचे बाबाच काकाचं काम करतील. खरा माणूस, खरा चेहरा. आणि मी शब्द देतो, शूटिंगच्या दिवशीच त्यांना ताबा देऊ. कॅमेऱ्यासमोर. त्यांच्याच घराचं दार, त्यांचीच चावी. बोला."

हे असं होतं. आत्तापर्यंत तिला नोकरीनं बांधलं होतं. आता गाठीची दुसरी बाजू वडिलांच्या गळ्यात गेली. नाही म्हणाली असती तर बापाचं घर तिच्या हातानं लांबवलं असतं. हो म्हणाली तर... तिनं हो म्हटलं.

घरी सांगितल्यावर दत्तू आधी विश्वास ठेवायला तयार नव्हते. मग विश्वजितनं स्वतः फोन केला. फोन ठेवल्यावर दत्तू जाईबाईंना म्हणाले, "डबे काढ गं खोक्यातले. पुसून घे." जाईबाई पदराला डोळे पुसत बसल्या आणि डबे विसरल्या.

पहिल्या चार भागांची बरीचशी दृश्यं उरकली. टपरी, बँक, भाड्याची खोली, एकेका ठिकाणची सगळ्या भागांतली दृश्यं एकदमच घ्यायची पद्धत, म्हणून कधी तिसरा भाग आधी आणि पहिला नंतर. दत्तूंना याचं भारी नवल. "आज मी त्यांना आदी कवा भेटलेलो हाय का न्हाई?" असं विचारून ते दृश्याला उभे राहायचे आणि मग पिशवीतून चिक्की अशी काढायचे की निशिगंधा झालेली मुलगी दर वेळी खरोखर हसायची. अभयही तिला घरच्यांसारखं मित्रा म्हणायचा. तो म्हणाला, "तुझ्या बाबांनी आपल्याला वाचवलं, मित्रा." तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्या आठवड्यात ती सुखात होती.

दाराची सगळी दृश्यं शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती. चौथ्या भागाचा शेवट आणि अख्खा पाचवा भाग. त्याच्या आदल्या दुपारी विश्वजितचा फोन आला.

"मॅडम, थोडा चेंज आहे. ओसी आली नाही अजून."

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर इमारतीत माणूस राहायला जाऊ शकत नाही, ताबा देता येत नाही. बिल्डरकडे अडकलेल्या कुणालाही हे पाढ्यासारखं पाठ असतं.

"मग उद्या?"

"उद्या आपण सँपल फ्लॅटच्या दारात शूट करू. दार दारासारखंच दिसतं. ओसी आली की बाबांना रीतसर चावी देऊ, प्रॉमिस. फक्त त्यांना आत्ता सांगू नका, प्लीज. चेहरा पडेल. जो आनंद आहे ना, तोच पाहिजे मला."

"सर, ते खरं समजून येतील."

"एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि वर्षभराच्या कामाचं अभयशी बोलणं चालू आहे माझं. समजून घ्या."

ती समजली. अभयकडे गेली, तर तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "सांगू आपण बाबांना. शॉट झाल्यावर. मी सांगतो हवं तर." घरी गेली, तर दत्तू पांढरा सदरा इस्त्री करत होते आणि जाईबाई डब्यांवर चिंच घासत होत्या. डबे असे झळकत होते की तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय." सांगायची वेळ प्रत्येकाला मिळते, पण ती वेळ अशी पितळ घासत समोर बसली की जीभ उचलत नाही.

सकाळी ती युनिटबरोबर पुढं गेली. द्रोणागिरीचे रस्ते रुंद आणि रिकामे, कंटेनरचे ट्रेलर ओळीनं उभे, आणि त्यामागं सागरसाजच्या उभ्या असलेल्या पण न जागलेल्या इमारती. तळमजल्यावर विक्रीचं ऑफिस आणि त्याला लागून सँपल फ्लॅट. झेंडूचं तोरण लावलं होतं. विश्वजितनं तेजसला बजावून ठेवलं होतं की अकरा वाजता बघायला येणाऱ्यांची बस आहे, त्याच्या आत दार मोकळं पाहिजे.

मग एक रिक्षा आली. त्यामागं दुसरी. दत्तू, जाईबाई, लातूरकडून रात्रीच्या गाडीनं मुद्दाम आलेला मावसभाऊ, त्याची बायको, खांदेश्वरच्या बुद्धविहारातले दोन जुने शेजारी. जाईबाईंच्या हातात खिरीचं पातेलं, वर पितळी झाकण. दत्तूंच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली बुद्धांची मूर्ती आणि काखेत बाबासाहेबांची तसबीर. मेणबत्त्या, अगरबत्ती आणि घासलेले दोन पितळी डबे शेजाऱ्याच्या पिशवीत.

तेजसच्या सहायकानं आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांना फोन केला होता. दत्तूंनाही केला. "काका, उद्या गृहप्रवेश आहे. सकाळी साडेआठला या, चांगले कपडे घालून." त्यानं दृश्याचं नाव सांगितलं होतं. दत्तूंनी ते घराचं ऐकलं, आणि का ऐकू नये? त्यांना शब्द दिला होता तसाच हा फोन आला होता. त्यांनी चार माणसांना बोलावलं.

युनिट खूश झालं. फुकटची गर्दी, खरे कपडे, खरी खीर. "अरे, जबरदस्त," अभय पुटपुटला आणि लगेच गप्प झाला, कारण संघमित्राचा चेहरा त्याला दिसला. विश्वजित मात्र हात जोडून पुढं झाला. "या, या काका! आज तुमचा दिवस!" त्यानं लाल रिबीन बांधलेली चावी दत्तूंच्या हातात दिली. दत्तूंनी ती कपाळाला लावली.

संघमित्रा त्या क्षणी पुढं झाली. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिला आता राहवेना म्हणून.

"बाबा, जरा इकडं या."

"आगं, मुहूर्त नसला तरी येळ ठरल्याली हाय की..."

"बाबा. हे आपलं घर नाही. हा सँपल फ्लॅट आहे. आपल्या इमारतीला अजून परवानगी नाही मिळाली. आज नुसतं शूटिंग आहे."

दत्तू तिच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या चावीकडे. मग मागं, जिथं जाईबाई मावसभावाच्या बायकोला खीर कशी केली ते सांगत होत्या.

"तुला कवा कळलं?"

"काल दुपारी."

त्यांनी मान डोलावली. रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते नुसते म्हणाले, "रातच्याला मी सदरा इस्त्री करत व्हतो, तवा तुला ठाव व्हतं."

"हो."

"बरं." मग थोडं थांबून, "तुझी नोकरी हाय यात?"

बापानं पोरीच्या गळ्यातला फास असा एका प्रश्नात ओळखला, याची तिला इतकी लाज वाटली की तिला जमिनीत जावंसं वाटलं.

"चल मग," दत्तू म्हणाले. "करू तुझा शिन. काय करायचंय मला?"

"चावी लावायची. फिरवायची. तिथंच थांबायचं. दार उघडायचं नाही."

"का?"

"मालिका तिथं संपते."

"आन् आत काय हाय ते लोकांना कवा दावनार?"

हाच प्रश्न तिनं विश्वजितला विचारला होता, ऑफिसात, भिंतीवरच्या कागदांसमोर. तेव्हा तो तिला गोष्टीतला दोष वाटला होता. आता तो प्रश्न पांढरा सदरा घालून तिच्यासमोर उभा होता.

चौथ्या भागाचा शेवट आधी घेतला. निशिगंधा आणि आशुतोष झालेले दोघं जिन्याच्या बाजूनं आले, दत्तू चावी घेऊन उभे. "हे तर माझं घर," ते म्हणाले. ते असं म्हणाले की तेजसनं डोळा कॅमेऱ्यापासून बाजूला केला. मग पाचवा. जोडपं बाजूला, मागं नातेवाईक, जाईबाई पातेलं घेऊन. जाईबाईंना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या सारख्या पदर नीट करत होत्या.

"रोल," अभय म्हणाला. "काका, आरामात."

दत्तूंनी पायातल्या चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चावी लावली. फिरवली. कुलूप सुटल्याचा आवाज आला.

"आणि... कट!" अभय ओरडला. "परफेक्ट! काका, एक नंबर!"

विश्वजितनं टाळ्या वाजवल्या. पण दत्तूंचा हात चावीवरून निघाला नाही. त्यांनी दार ढकललं. मागं वळून म्हणाले, "जाई, ये. उजवा पाय आधी." आणि जाईबाई, खिरीचं पातेलं सांभाळत, आत गेल्या. मावसभाऊ गेला, त्याची बायको गेली, दोघं शेजारी गेले. शेवटी दत्तू आत गेले आणि दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

विश्वजितच्या चेहऱ्यावर हसू तसंच चिकटून राहिलं होतं, पण डोळे उघडे होते. "हे काय आहे? काका? काकाऽ!"

आतून अगरबत्तीचा वास आला. मग एकामागून एक आवाज मिसळत गेले. त्रिसरण आणि पंचशील. दत्तूंचा आवाज सगळ्यांत वर, मार्केटात गोणी उचलताना लागायचा तसा. सँपल फ्लॅटमधल्या नळाला पाणी नसतं, टीव्ही पुठ्ठ्याचा असतो आणि खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला असतो. त्या पलंगाशेजारी मूर्ती मांडून ही माणसं वंदना म्हणत होती, हे संघमित्राला न बघताही दिसत होतं.

वंदना संपली. विश्वजितनं दारावर थाप मारली. "काका, बस येतेय! लोक येणार आहेत बघायला!"

"येऊ द्या की," आतून दत्तू म्हणाले. "खीर हाय भरपूर."

"अहो, पण बाहेर कधी येणार तुम्ही?"

"तुमची ती ओशी आली की निघतो आमी. तवर हितंच. तुमीच म्हनला व्हता, आज ताबा."

विश्वजित गर्रकन संघमित्राकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्यांना, नाहीतर तो कॉन्ट्रॅक्ट विसरा." दुसऱ्या बाजूनं अभयनं तिचा दंड धरला. "मित्रा, ऐक. तू दारापाशी जा, बोल त्यांच्याशी, बाहेर काढ नको काढ, तेजस कॅमेरा चालू ठेवेल. असलं आयुष्यात मिळत नाही. ही सगळ्यात भारी मालिका होईल."

एकाला दार उघडून हवं होतं, दुसऱ्याला ते बंद हवं होतं, आणि दोघांनाही त्यासाठी तीच हवी होती. संघमित्रानं तेजसकडे बघितलं. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा चालू होता.

"बंद कर," ती म्हणाली.

तेजसनं अभयकडे बघितलं. मग बंद केला. उरणचा पोर, त्याच्या घरच्यांनी सरकारला जमिनी देऊन बदल्यातल्या भूखंडाच्या कागदांची वर्षानुवर्षं वाट बघितली होती. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

ती दारापाशी गेली. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून तोरणाच्या खिळ्याला अडकवलं. झेंडूमधे ते विचित्र दिसत होतं. मग तिनं दार वाजवलं.

"कोन हाय?"

"मी. मित्रा."

आत कुजबुज झाली. जाईबाईंचा आवाज, मग दत्तूंचा, दाराच्या अगदी जवळून.

"एकटी हायस, का त्यांच्यासंगं?"

ती थबकली. गोष्टीतल्या इतक्या जणांना तिनं असं दारात आणून उभं केलं होतं आणि नेमकं इथं 'कट' लिहिलं होतं. मागं विश्वजित श्वास रोखून उभा होता, अभय उभा होता, वर्षभराचं काम उभं होतं. आणि नियम तिचाच होता की उत्तर लगेच द्यायचं असतं, पुढं ढकलायचं नसतं.

"एकटी, बाबा."

कडी सरकली. दार हातभर उघडलं. ती चपला काढून आत गेली. खोलीत मेणबत्त्या जळत होत्या आणि जाईबाई रिकाम्या मांडणीवर घरून आणलेले दोन पितळी डबे लावत होत्या. डोळे सुजले होते, म्हणजे त्यांना आत आल्यावर कळलं होतं. तरी डबे लावणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

"कडी लाव," दत्तू म्हणाले.

तिनं लावली. बाहेर लांबून बसचा हॉर्न ऐकू आला, आणि विश्वजित दारावर बोटं वाजवत विचारत होता, "मॅडम? मॅडम, मग आता पुढं काय?"

जाईबाईंनी लेकीच्या हातात खिरीची वाटी दिली. दाराला कुणी उत्तर दिलं नाही.